परत आलेला मिक्सर पुन्हा विकताना : तपासणी, दर्जा आणि ओपन बॉक्सची चिठ्ठी

गिऱ्हाइकाने परत आणलेला मिक्सर पुसून, खोक्याला नवी टेप लावून पुन्हा 'नवा' म्हणून विकता येतो का? येतो. पण सोलापुरात तो फार दिवस लपत नाही. पात्याखाली शेंगा चटणीचा एखादा लाल कण राहिलेला असतो, झाकणाच्या रबराला लसणाचा वास असतो, आणि नवं गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी भांडं धुताना तो वास घेतं. मग ते तुमच्याकडे भांडायला येतंच असं नाही. ते शेजारणीला सांगतं, आणि तुम्हाला काही कळायच्या आत तुमचं दुकान 'जुना माल नवा करून देणारं' ठरतं.

याउलट तोच मिक्सर 'एका घरात जाऊन आलेला आहे' असं तोंडावर सांगून, कमी किमतीत, तपासून विकला तर तो बिनबोभाट जातो. अशा मालालाच 'ओपन बॉक्स' म्हणतात. घरगुती उपकरणांच्या दुकानात परतीचा माल बघण्याचं काम माझ्याकडे असतं. नव्याने दुकान टाकणारे ओळखीचे लोक नेमकं हेच विचारतात, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतो आहे. उदाहरण फक्त मिक्सरचं घेतलं आहे. इस्त्री, पंखा, शेगडी यांची तपासणी वेगळी असते. शिवाय मिक्सरमध्ये वीज, मोटर आणि अन्न या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. तो जमला की बाकीचं सोपं जातं.

आधी जवळ काय ठेवायचं

हत्यारं : ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर), साधा मल्टिमीटर, बारीक टॉर्च, दातकोरणी आणि कापूस, जुना टूथब्रश, खाण्याचा सोडा, रद्दी पेपर, आणि पावशेर हरभरा डाळ. डाळ कशाला ते पुढे येईल.

कागद : मूळ बिलाची प्रत, परतीची वही, क्रेडिट नोट, त्या मॉडेलचं वॉरंटी कार्ड, आणि ओपन बॉक्स मालाच्या वॉरंटीबद्दल वितरकाने लेखी दिलेलं उत्तर. हे शेवटचं बहुतेकांकडे नसतं. एक ईमेल टाकून मागवून घ्या.

१. अर्धी तपासणी काउंटरवरच, गिऱ्हाइकासमोर

खोकं हातात आलं की पहिलं काम सिरियल नंबर बघायचं. मिक्सर उलटा करा. बुडाच्या पाटीवर नंबर असतो. तो खोक्यावरच्या नंबरशी आणि बिलावरच्या नंबरशी जुळला पाहिजे. नव्या खोक्यात घरातला जुना, तसाच दिसणारा मिक्सर घालून परत देणारे लोक कमी असतात, पण असतात. विकताना बिलावर सिरियल नंबर लिहायची सवय नसेल तर ती आजच लावा, कारण तो नंबर नसेल तर पुढचं सगळं तोंडी वादावर जातं.

दुसरं, भांडी मोजा. तीन भांड्यांच्या सेटमध्ये सगळ्यात लहान चटणीचं भांडं घरी राहून गेलेलं असतं. मुद्दाम ठेवलेलं नसतं, ते ओट्यावर वाळत असतं. झाकणं, मोठ्या भांड्याच्या झाकणावरची टोपी, पाती काढायचा पाना, माहितीपुस्तिका हे सगळं समोरच बघून वहीत लिहा.

तिसरं आणि सगळ्यात उपयोगाचं म्हणजे परतीचं कारण. ते गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहा. 'खराब' असं लिहू नका. 'दोनदा मधेच बंद पडला, जळका वास आला' असं लिहा. आणि लगेच एक प्रश्न विचारा : "वहिनी, त्यात काय वाटत होता?" या एका उत्तरावर पुढची अर्धी तपासणी ठरते.

परत घ्यायचं की नाही हा वेगळा विषय आहे, पण एवढं लक्षात असू द्या. वस्तू सदोष असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलीच नसेल तर ३० दिवसांच्या आत ती परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. वस्तू चांगली असून फक्त आवडली नाही म्हणून परत घेणं हा तुमचा चांगुलपणा. दोन्ही प्रकार वहीत वेगळे लिहा, कारण दोन्हींचा पुढचा रस्ता वेगळा आहे.

२. कंपनीकडे जाणारा माल आधी बाजूला काढा

खोक्यातून काढल्यापासून मिक्सर सुरूच झाला नसेल, किंवा भांड्याला कारखान्यातलाच दोष असेल, तर तो ओपन बॉक्सचा माल नाहीच. वितरकाकडून बदलून मिळण्याची मुदत असते. त्या मुदतीत, न खोलता, न धुता, आलं तसं पाठवा. दुकानातल्या मुलाने 'बघू तरी काय झालंय' म्हणून बुडाचे स्क्रू उघडले की तो हक्क गेला असं समजा.

पण पाठवायच्या आधी एक गोष्ट जरूर बघा. बऱ्याच मिक्सरच्या बुडाला एक लहान बटण असतं, बहुधा लाल. मोटरवर जास्त ताण आला की ते बाहेर उडी मारतं आणि मशीन बंद होते. थोडा वेळ थंड होऊ देऊन बटण आत दाबलं की पुन्हा चालू. 'मेला' म्हणून आलेल्या कितीतरी मिक्सरना एवढंच औषध लागतं. तसंच काही मॉडेलमध्ये भांडं खाचेत नीट बसून लॉक झाल्याशिवाय मोटर फिरतच नाही. तेही बघा.

३. वीज : इथे तडजोड नाही

प्लग लावण्याआधी डोळ्यांनी बघा. वायर चिरलेली, पिन काळी पडलेली, बुडाच्या जाळीतून पाणी किंवा पीठ आत गेल्याच्या खुणा. भांडं गळत असेल तर ते पाणी सरळ मोटरवर जातं, त्यामुळे जाळी आणि भांडं ज्यावर बसतं त्या कपलरच्या भोवतालचा भाग टॉर्च मारून बघा. पांढरे वाळलेले डाग दिसले तर पाणी आत गेलेलं आहे.

मग मेगर. प्लग बोर्डात लावायचा नाही. मिक्सरची कळ चालू ठेवायची. प्लगच्या दोन वीजवाहक पिना एकत्र जोडायच्या आणि त्या व तिसरी, अर्थची जाड पिन यांच्यामध्ये ५०० व्होल्टवर मापायचं. कळ चालू ठेवायला विसरलात तर मोटर मापातच येत नाही आणि मीटर खोटी शाबासकी देतं. चांगल्या मशीनचा आकडा खूप वर जातो. २ मेगाओमच्या खाली आला तर विषय संपला, ती मशीन विकायची नाही. आकडा त्याच्या वर असूनही डळमळत असेल, हळूहळू उतरत असेल, तर आत ओल आहे. दोन दिवस कोरड्या जागी ठेवून पुन्हा मापा. सुधारला नाही तर ती सर्व्हिस सेंटरला.

दोन पिनांचा प्लग असेल तर ही पद्धत लागू पडत नाही. अशी मशीन सर्व्हिस सेंटरकडूनच तपासून, त्यांचा कागद घेऊन मग विका.

वायर खराब आहे, बदलून टाकू, असा मोह होतो. दुकानात बदलू नका. त्याच ग्राहक संरक्षण कायद्यात विक्रेत्याच्या उत्तरदायित्वाबद्दल स्पष्ट लिहिलं आहे : विक्रेत्याने वस्तूत बदल केला आणि इजा होण्यामागे तो बदल हे मोठं कारण ठरलं, तर नुकसानभरपाई विक्रेत्याकडून मागता येते. विजेचा भाग अधिकृत सर्व्हिस सेंटरनेच उघडावा आणि त्यांच्या कामाची पावती फाइलला लागावी.

४. मोटर : आधी रिकामी, मग पाणी, मग डाळ

भांडं न लावता पहिल्या वेगावर काही सेकंद चालवा, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. रिकामी मोटर फार जोरात फिरते, म्हणून उगाच मिनिट-मिनिट चालवू नका. ऐकायचं काय? आवाज मोठा असणं हा दोष नाही, मिक्सर आवाज करतोच. वेग बदलताना आवाज मधेच तुटतो का, धातू घासल्यासारखी किरकिर आहे का, मशीन ओट्यावर सरकते का, हे ऐका आणि बघा.

अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन बुडाच्या जाळीतून आत डोकवा. कार्बन ब्रशपाशी बारीक निळसर ठिणग्या दिसतील. मिक्सरच्या मोटरमध्ये त्या असतातच, घाबरू नका. पण गोल कड्यासारखी नारिंगी आग फिरताना दिसली तर ब्रश किंवा तांब्याचा कम्युटेटर खराब आहे.

आता मोठ्या भांड्यात अर्धा लिटर पाणी घालून तिन्ही वेग. झाकणातून उडतं का, खालून झिरपतं का ते बघा.

मग डाळ. तीन-चार तास भिजवलेली हरभरा डाळ मधल्या भांड्यात, भांड्याच्या अर्ध्यापेक्षा कमी, थोडं पाणी घालून वाटा. डाळीने मोटरवर खरा ताण येतो, आणि भांडं नंतर स्वच्छ धुता येतं, वास राहत नाही. मोटरचा जोर बघायला मिरची किंवा शेंगदाणे घालू नका. तुमच्याच तपासणीचा वास पुढच्या गिऱ्हाइकाला जायचा.

जळक्या वासाबद्दल थोडं सविस्तर. परतीच्या कारणांत हे वारंवार येतं. नव्या मोटरच्या तारांवर वार्निशचा थर असतो. पहिल्या काही वापरांत तो तापतो आणि वास सुटतो. तो दरवेळी कमी होत जातो. म्हणून डाळ तीन वेळा थोडी थोडी वाटा, मधे मोटर पूर्ण थंड होऊ द्या. तिसऱ्या वेळी वास पहिल्यापेक्षा कमी असेल तर मशीन ठीक आहे. वाढत असेल किंवा धूर दिसला तर ठीक नाही. याला एक अपवाद आहे. गिऱ्हाइकाने आधीच ताण देऊन मोटर भाजलेली असेल तर वास न चालवताही जाळीतून येतो. नाक जाळीला लावून बघा. तो आंबूस, करपलेला वास एकदा ओळखला की पुन्हा चुकत नाही.

'जोर नाही' ही तक्रार आजूबाजूच्या गावांतून जास्त येते. दुकानात तीच मशीन डाळ झटकन वाटते. घरी व्होल्टेज कमी असेल तर मोटर मंद फिरणारच. तसं कारण असेल तर वहीत लिहून ठेवा. पुढच्या गिऱ्हाइकाला सांगण्यासारखी ती चांगली गोष्ट आहे.

५. भांडी : अब्रू इथेच जाते

मोटर बिघडली तर गिऱ्हाईक म्हणतं कंपनीची वस्तू वाईट. भांड्याला वास आला तर म्हणतं दुकानदार वाईट. म्हणून मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवतो.

पहिल्यांदा गळती. तिन्ही भांडी पाण्याने भरून कोरड्या रद्दी पेपरवर अर्धा तास ठेवा. पेपरावर ओलं कडं उमटलं तर बुडाचा बुश किंवा वायसर गेलेला आहे. मग पातं दोन बोटांत धरून (जपून, धार असते) हलवा. आडवं डुगडुगत असेल तर बुश झिजला आहे. भांड्याच्या खालचं प्लास्टिक कपलर बघा. दात गोल झालेले, खाचेत काळी भुकटी साठलेली, म्हणजे मशीन सांगितल्यापेक्षा बरीच जास्त चाललेली आहे. 'एकदाच वापरला हो' या वाक्याची परीक्षा इथे होते. भांड्याच्या आत कडेने पांढरा थर दिसला तर तेही वापराचंच लक्षण, क्षाराचं पाणी बऱ्याचदा वाळून गेलेलं आहे.

आता वास. शेंगा चटणी मिक्सरमध्ये कशी वागते ते समजून घ्या. भाजलेले दाणे फिरू लागले की तेल सुटतं, तिखट आणि लसूण त्या तेलात मुरतात, आणि तो गोळा पात्याखाली जाऊन बसतो. तिथे घासणी पोचत नाही. दातकोरणीला कापूस गुंडाळून पात्याखालून फिरवा. कापूस लाल किंवा पिवळा आला तर भांडं धुतलेलं दिसत असलं तरी धुतलेलं नाही.

कोमट पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा आणि दोन थेंब भांड्याचा साबण घालून ते भांडं मिक्सरवरच थोडं फिरवा, मग टूथब्रशने पात्याखाली घासा, धुऊन उलटं ठेवून पूर्ण वाळवा. झाकण लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी उघडून वास घ्या. लगेच घेतलेला वास फसवतो, साबणाचाच येतो. सकाळी ज्याने साफसफाई केली नाही अशा माणसाला वास घ्यायला लावा. आपल्या नाकाला सवय झालेली असते.

झाकणाच्या आतलं रबर मात्र धुऊन सुधारत नाही. तेलाचा वास त्यात मुरतो. ते कंपनीचं नवीन घाला, सरळ. प्लास्टिकच्या झाकणावर हळदीचा पिवळा डाग असेल तर घासत बसू नका. रबर काढून झाकण एक-दोन दिवस उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हाने उडतो. सोलापुरात उन्हाला तोटा नाही.

एवढं करूनही चटणीच्या भांड्याचा वास गेला नाही तर दोनच मार्ग. कंपनीचं नवीन भांडं विकत घेऊन घाला, किंवा ते भांडं काढून टाका आणि 'दोन भांड्यांचा सेट' म्हणून स्वस्तात विका. दुसऱ्या कंपनीचं बसतंय म्हणून घातलेलं भांडं कधीही चालवू नका. कपलर नीट बसत नाही, आणि उद्या मोटर गेली तर सर्व्हिस सेंटरवाला त्या भांड्याकडेच बोट दाखवेल.

६. दर्जा : चारच पायऱ्या

फार बारीक दर्जे पाडू नका, दुकानातल्या मुलांनाच लक्षात राहत नाहीत. मी चार ठेवतो.

अ : फक्त खोकं उघडलेलं. भांड्यांवरचं प्लास्टिक तसंच आहे, मोटर चाललेली नाही. रंग आवडला नाही, घरात दोन आले, अशी कारणं.

ब : एक-दोनदा चालवलेला. ओरखडा नाही, सगळ्या वस्तू हजर, वरच्या सगळ्या तपासण्या पास, झाकणांची रबरं नवीन.

क : चालतो, पण उणीव आहे. ओरखडा, भांडं कमी, खोकं फाटलेलं. उणीव दिसणारी हवी. वीज किंवा मोटरबद्दलची शंका 'क'मध्ये बसत नाही.

ड : विकायचा नाही. मेगरमध्ये नापास, जळका वास, आत पाणी, सिरियल नंबर खरवडलेला.

नवे लोक एका ठिकाणी घसरतात : ब आणि क मध्ये शंका आली की ब देतात. उलटं करा. शंका असेल तर खालचा दर्जा. 'ब' म्हणून घेतलेल्या मशीनवर ओरखडा सापडला तर गिऱ्हाईक चिडतं, 'क' म्हणून घेतलेली मशीन चांगली निघाली तर तेच गिऱ्हाईक नणंदेला घेऊन येतं.

आणि दर्जा ठरवणारा माणूस आणि विकणारा माणूस शक्यतो वेगळे ठेवा. ज्याला विक्रीवर कमिशन आहे त्याच्या हातून 'क' फारसे लिहिले जात नाहीत.

७. किंमत आणि बिल, एका मिक्सरच्या हिशोबाने

७५० वॅटचा तीन भांड्यांचा मिक्सर. हिशोब सोपा जावा म्हणून आकडे गोल घेतले आहेत. मिक्सरवर जीएसटी १८ टक्के.

खरेदी २,६०० अधिक कर ४६८. विक्री ३,००० अधिक कर ५४०, म्हणजे गिऱ्हाइकाने ३,५४० रुपये दिले. जुळे सोलापूरहून सहाव्या दिवशी परत आला. तक्रार : जळका वास आणि दोनदा बंद पडला. विचारल्यावर कळलं की चटणीसाठी भाजलेले दाणे भांडं काठोकाठ भरून, सलग फिरवले होते. तेल सुटून गोळा झाला, मोटर अडली, लाल बटणाने मशीन वाचवली. म्हणजे मशीनने आपलं काम चोख केलं होतं. दाणे थोडे थोडे घालून, कळ क्षणभर फिरवत सोडत वाटायचे असतात. हे विकताना कोणीतरी सांगायला हवं होतं.

तपासणीत मेगर उत्तम, डाळीच्या तिसऱ्या वेळी वास जवळपास नाही, गळती नाही. चटणीच्या भांड्याला वास होता, सोड्याने गेला. रबरं बदलली, खर्च ९० रुपये. दर्जा ब.

किंमत २,४०० अधिक कर ४३२, एकूण २,८३२, म्हणजे नव्यापेक्षा बरोबर २० टक्के कमी. हिशोब बघा : २,६०० ची खरेदी आणि ९० खर्च, आले २,४००. तोटा २९० रुपये, वर माणसाचा वेळ. ओपन बॉक्समध्ये कमाई नसते, तोटा लहान करणं असतं, हे धरूनच चाला. नव्याच्या किमतीला गुपचूप विकला असता तर ६०० जास्त आले असते. पण जुनी, वापरलेली वस्तू नवी म्हणून दाखवणं हीही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथाच आहे, आणि ग्राहक आयोगापर्यंत जायची गरज पडत नाही, नवी पेठेत बातमी त्याच्या आधी फिरते.

साधारण अंदाज म्हणून मी 'अ'ला ८ ते १० टक्के, 'ब'ला १८ ते २२, 'क'ला ३० च्या पुढे सूट धरतो. 'अ'ला फार कमी केलं तर लोकांना उलट संशय येतो.

बिलाची बाजू थोडक्यात. परत घेतल्यावर मूळ बिलावर क्रेडिट नोट काढा म्हणजे भरलेला ५४० चा कर वळता होतो. त्यासाठीही मुदत आहे : मूळ विक्री झाली ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरची ३० नोव्हेंबर, किंवा वार्षिक विवरणपत्र भरल्याची तारीख, यांपैकी जी आधी येईल ती. पुन्हा विकताना साधं, पूर्ण कराचं नवीन बिल. जुन्या मालासाठी फक्त नफ्यावर कर भरायची जी सवलत आहे ती इथे लागू होत नाही, कारण खरेदीच्या वेळचं ४६८ चं क्रेडिट तुम्ही आधीच घेतलेलं असतं. संगणकात त्या मिक्सरचं नाव वेगळं ठेवा, 'मिक्सर ७५० – ओपन बॉक्स ब' असं. नव्या मालात मिसळला की गर्दीत एक दिवस नवा म्हणून बाहेर जाणारच. रॅकही वेगळं हवं.

८. चिठ्ठी आणि बोलणं

खोक्यावर अशी चिठ्ठी लावतो. छापील एमआरपी तिच्याखाली झाकली जाणार नाही हे बघायचं.

> ओपन बॉक्स : ब (एक-दोनदा चालवलेला)
> का परत आला : जास्त भरल्यामुळे दोनदा बंद पडला
> काय तपासलं : वीज, मोटर, तिन्ही भांड्यांची गळती
> काय बदललं : झाकणांची रबरं, कंपनीची
> उणीव : खोक्याची सील तुटलेली
> कंपनीची वॉरंटी : ____ तारखेपर्यंत
> दुकानात परत घेण्याची मुदत : ७ दिवस
> नव्याची किंमत ३,५४०, ही किंमत २,८३२

वॉरंटीची तारीख अंदाजाने लिहू नका. पहिल्या गिऱ्हाइकाने मोबाईलवरून नोंदणी करून ठेवली असेल तर कंपनीच्या लेखी वॉरंटी त्या दिवसापासूनच धावत असते. वितरकाच्या लेखी उत्तरात जे असेल तेच चिठ्ठीवर आणि तेच बिलावर. कंपनी नाही म्हणाली तर 'कंपनीची वॉरंटी नाही, दुकानाची तीन महिने' असं लिहा आणि किंमत आणखी उतरवा.

चिठ्ठी मराठीत असली तरी आपल्याकडे गिऱ्हाईक कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारंही असतं. म्हणून वाचून दाखवायचीच. आमच्याकडे साधारण असं होतं :

"मावशी, हा एका घरात सहा दिवस राहून आलाय."
"मग काय बिघडलंय त्यात?"
"बिघडलं काही नाही. दाणे जास्त भरले म्हणून बंद पडत होता. बसा, डाळ वाटून दाखवतो."

समोर चालवून दाखवल्यावर निम्मे प्रश्न आपोआप मिटतात. मग भांड्याचा वास त्यांनाच घ्यायला द्या. त्या घेणारच असतात, तुम्ही पुढे केलंत तर बरं दिसतं.

एक प्रश्न मात्र न चुकता विचारा : घरासाठी की आहेरासाठी? लग्नसराईत मिक्सर रुखवतात जातो. घेणाऱ्याला ओपन बॉक्स चालतो, त्याचे सातशे रुपये वाचतात. पण ज्या घरात तो जाणार त्यांना यातलं काही माहीत नसतं. तिथे सील तुटलेलं खोकं उघडलं की देणाऱ्याची आणि पाठोपाठ दुकानाची चर्चा होते. आहेरासाठी ओपन बॉक्स मी देत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

बाहेरगावच्या लोकांना अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून परत यायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि एक दिवस मोडतो. त्यांना 'क' दर्जाचा माल देताना दोनदा विचार करा, आणि निघण्याआधी तिन्ही भांडी त्यांच्यासमोर लावून बघा.

व्हॉट्सॲपवर फोटो टाकत असाल तर ओरखड्याचा जवळून काढलेला फोटो पहिला टाका. कंपनीच्या जाहिरातीतला चकचकीत फोटो ओपन बॉक्ससाठी वापरू नका.

९. पुन्हा परत आला तर, आणि 'ड'चं काय करायचं

ओपन बॉक्स म्हणून विकलेला मिक्सर पुन्हा परत आला तर पैसे देऊन टाका आणि तो कायमचा 'ड'मध्ये टाका. तपासणीत दोष सापडला नाही तरी. दोन वेगवेगळ्या घरांना एकच मशीन नको झाली तर तिच्यात काहीतरी आहे, आपल्याला सापडलं नाही एवढंच.

'ड'चा माल आधी वितरकाला विचारायचा. त्याने नाकारला तर अधिकृत ई-कचरावाल्याकडे द्यायचा, वायर कापून. न कापलेली वायर असली की तो मिक्सर कुणाच्या तरी हातून दुरुस्त होऊन, तुमच्या दुकानाचं स्टिकर मिरवत मंगळवार बाजारात विकायला बसतो. माल रद्द करून टाकून दिला तर त्यावर घेतलेलं खरेदीचं कर-क्रेडिट उलटवावं लागतं. वरच्या उदाहरणात ते ४६८ रुपये. हे हिशोबनिसाला त्याच महिन्यात सांगा.

परतीची वही दर दोन-तीन महिन्यांनी मागे चाळा, कारणांचा रकाना वाचत. 'बंद पडला' आणि 'जळका वास' एवढंच वारंवार दिसत असेल तर कमी पडतं आहे ते काउंटरवरचं सांगणं. आम्ही आता नवा मिक्सर देताना उलटा करून लाल बटण दाखवतो, भांडं कुठपर्यंत भरायचं तिथे बोट ठेवतो, आणि पहिल्या दिवसांत वास येईल हे आधीच सांगून टाकतो. एकाच मॉडेलचं भांडं गळतंय असं वहीत दिसलं, तर त्या मॉडेलची पुढची ऑर्डर देण्याआधी ती पानं वितरकाच्या माणसापुढे ठेवा.